करार मराठीत हवा, पण सहीच्या आधी आणि पुरता



आपल्या बऱ्याच घरांतला एखादा तरी पोरगा आता होडीवर नाही, जहाजावर आहे. कुणी क्रूझवर, कुणी आखातात टगवर, कुणी मालवाहू बोटीवर. मासळी कमी झाली, डिझेल वाढलं, पोरं तारवटी झाली, त्यात नवल नाही. पण त्यामुळे सोसायटीच्या कार्यालयात एक नवंच काम सुरू झालंय. जायला चार दिवस उरले की बाप दहा-बारा पानांचा इंग्रजी कागद घेऊन येतो आणि म्हणतो, "ह्यात काय लिहिलंय ते जरा सांगा." हा कागद म्हणजे सीफेअरर्स एम्प्लॉयमेंट अ‍ॅग्रीमेंट, तारवट्याचा नोकरीचा करार. हल्ली काही एजंट त्याच्यासोबत मराठीतलं एक पानही देतात. पगार इतका, मुदत इतकी, रोज दहा तास विश्रांती, जाण्यायेण्याचं तिकीट कंपनीचं. वाचून घरचे खूश होतात आणि सही होते.

आमचं मत सरळ सांगतो. असं एक पान देण्यापेक्षा काही न दिलेलं बरं. इंग्रजी कळलं नाही तर माणूस निदान कुणाला तरी विचारतो. अर्धवट मराठी हातात आलं की विचारतच नाही, कारण त्याला वाटतं आपल्याला सगळं कळलं.

जहाजावरच्या कामगारांसाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार आहे, ज्याला सगळे एमएलसी म्हणतात. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला आणि आपल्याकडे तो ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. ह्या एमएलसीत भाषेबद्दल एक गंमत आहे. नोकरीचा करार इंग्रजीत नसेल, तर त्याचा नमुना इंग्रजीत जहाजावर ठेवावा लागतो, कारण बंदरात तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्याला तो वाचता आला पाहिजे. तारवट्याच्या भाषेत मात्र तो असलाच पाहिजे असं कुठे म्हटलेलं नाही. त्याच्यासाठी एवढंच आहे, की सही करण्याआधी करार तपासायची आणि सल्ला घ्यायची संधी त्याला मिळाली पाहिजे, आणि आपले हक्क आणि जबाबदाऱ्या पुरेशा समजून, स्वतःच्या मर्जीने त्याने करार केलेला असला पाहिजे. म्हणजे अनुवादाचा आग्रह आपणच धरायचा. आणि तो "सही करण्याआधी" ह्या शब्दांवर बोट ठेवून धरता येतो. विमानतळावर जाताना गाडीत बसून केलेली सही ही काही समजून केलेली सही नव्हे.

आता एका कराराचं सांगतो. आपल्या एका सभासदाच्या मुलाचा होता, ऑर्डिनरी सीमन म्हणून, आखातातल्या एका पुरवठा जहाजावर. मराठी पानावर लिहिलं होतं, "मासिक पगार ८५० डॉलर". इंग्रजीतही ८५० चा आकडा होता, खोटं काही नव्हतं. पण इंग्रजीत त्याच्या आधी कन्सॉलिडेटेड हा शब्द होता आणि खाली चार ओळींची फोड होती. बेसिक ४८० डॉलर, महिन्याला १०३ तासांच्या ठरीव ओव्हरटाइमचे २९७, रजेच्या पगाराचे ४०, इतर भत्ता ३३. बेरीज ८५०.

मराठी पानावरून पोराने मनात धरलं होतं, की ८५० हा आठ तासांच्या कामाचा पगार. जास्त काम केलं तर वर ओव्हरटाइम, आणि घरी आल्यावर रजेचे पैसे वेगळे. करार नेमकं उलट सांगत होता. नेहमीचे आठ तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे महिन्याचे साधारण २०८ तास. त्यात १०३ मिळवा. ३११ तास काम झालं तरी हातात ८५० च. रोजचे जवळपास साडेदहा तास झाले, तेही रविवार धरून. रजेचे पैसे दर महिन्याच्या ८५० मध्येच वाटले जातात, त्यामुळे नऊ महिन्यांनी घरी आल्यावर रजेपोटी काहीच येणार नाही. १०३ तासांच्या वर काम झालं तर तासाला किती? ४८० ला २०८ ने भागा, आणि आलेल्या २ डॉलर ३१ सेंटला सव्वापट करा. २ डॉलर ८८ सेंट. पोराने ८५० ला २०८ ने भागून सव्वापट केली होती, त्याला ५ डॉलरच्या वर वाटत होतं.

ह्यात कंपनीने फसवलं असं आम्ही म्हणत नाही. अशी फोड जहाजांच्या करारांत नेहमीची आहे, आणि ओव्हरटाइमचा सव्वापट दर बेसिकवरच मोजायचा हे एमएलसीच्या मार्गदर्शनाला धरूनच आहे. फसगत झाली ती "पगार" ह्या एका शब्दाने. बेसिक वेज, कन्सॉलिडेटेड वेज, टोटल अर्निंग्ज, तिन्हींना मराठीत "पगार" म्हटलं की हिशोबच पुसला जातो. आम्ही केलेल्या अनुवादात बेसिकला "मूळ पगार" आणि कन्सॉलिडेटेडला "सगळं मिळून रक्कम" असं लिहिलं, आणि त्याच ओळीत खाली: ह्यात १०३ तासांचा ओव्हरटाइम आणि रजेचा पगार आला, तो वेगळा मिळणार नाही. आकड्यांची फोड जशी होती तशी चारही ओळींत ठेवली.

आणखी एक शब्द तिथेच अडला. घरी पाठवायच्या रकमेला इंग्रजीत अलॉटमेंट म्हणतात. मराठी पानात त्याचं "वाटप" झालं होतं! कोण कुणाला काय वाटतंय, देव जाणे. खरं कलम असं होतं, की दर महिन्याला पगाराचा ठरलेला हिस्सा तारवट्याने सांगितलेल्या खात्यावर जाईल, आणि महिन्याच्या पगारपत्रकावर डॉलरचा कुठला भाव लावला तेही लिहिलेलं असेल. घरच्या बायकामाणसांना खरं तर हेच कलम आधी वाचून दाखवायला हवं, कारण पैसे त्यांच्या खात्यावर यायचे असतात.

आता विश्रांती. "रोज दहा तास विश्रांती" हे वाक्य ऐकायला छान आहे, आणि चुकीचं आहे. कराराचे शब्द होते, कुठल्याही २४ तासांत किमान १० तास. "रोज" आणि "कुठल्याही २४ तासांत" ह्यांत काय फरक, असं पहिल्यांदा वाचताना कुणालाही वाटेल. असं समजा, सोमवारी रात्री बारापासून सकाळी दहापर्यंत पोरगा झोपला. दहा तास झाले. मग सकाळी दहाला कामाला लागला तो रात्री बारापर्यंत. मंगळवार सुरू झाला, काम चालूच, दुपारी दोनपर्यंत. दोनला सुटला आणि रात्री बारापर्यंत मोकळा, म्हणजे मंगळवारचेही दहा तास झाले. "रोज दहा तास" चा हिशोब दोन्ही दिवस बरोबर बसला, आणि पोरगा सलग २८ तास उभा राहिला. "कुठल्याही २४ तासांत" म्हटलं की ही पळवाट बंद होते. सोमवारी सकाळी दहा ते मंगळवारी सकाळी दहा असे २४ तास मोजले तर विश्रांती शून्य येते, आणि तिथेच नियम मोडल्याचं दिसतं. तारीख बदलली म्हणून घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही.

त्याच कलमात आणखी दोन गोष्टी असतात आणि सारांशात त्या पहिल्या गळतात. हे दहा तास फार तर दोन तुकड्यांत द्यायचे, त्यांतला एक तुकडा किमान सहा तासांचा हवा, आणि दोन विश्रांतींच्या मध्ये १४ तासांपेक्षा जास्त अंतर नको. दुसरी गोष्ट आठवड्याची. सात दिवसांत किमान ७७ तास. दहा गुणिले सात सत्तर होतात, हे तर शाळेतलं पोरही सांगेल. म्हणजे रोज नेमके दहाच तास देत राहिलं तरी आठवड्याला सात तास कमी पडतात. मराठी पानावर फक्त "दहा" लिहून ते सात तास कुणी खाल्ले नाहीत, पण गेले मात्र.

आणि विश्रांती म्हणजे काय? चहाची पाच-दहा मिनिटं, जेवायची छोटी सुट्टी ही त्यात धरत नाहीत. "विश्रांती" म्हटलं की आपल्याकडे जेवून जरा टेकणं हेही डोळ्यांसमोर येतं. म्हणून आम्ही तिथे एक वाक्य जास्तीचं घातलं: कामाच्या वेळेबाहेरचा मोकळा वेळ, छोट्या सुट्ट्या त्यात धरायच्या नाहीत. ह्या जोडवाक्यावर आमच्यात थोडी चर्चाही झाली. अनुवादात आपल्या पदरचं घालावं का? आमचं म्हणणं, ही व्याख्या एमएलसीतलीच आहे, फक्त करारात ती "लागू नियमांनुसार" ह्या दोन शब्दांत लपलेली असते. ती उघड करायची, पण वेगळ्या ओळीत आणि "टीप" असं लिहून, म्हणजे मूळ कलम कुठे संपलं ते वाचणाऱ्याला कळतं.

काही करारांत विश्रांतीऐवजी जास्तीत जास्त काम लिहिलेलं असतं, २४ तासांत १४ आणि आठवड्यात ७२. दोन्ही चालतात, पण दोन्ही एक नव्हेत. जे लिहिलंय तेच मराठीत आणा. स्वतःच वजाबाकी करून "म्हणजे दहा तास विश्रांती" असं लिहायला जाऊ नका.

जहाज, माणसं किंवा माल ह्यांच्या तातडीच्या सुरक्षिततेसाठी, किंवा समुद्रात अडचणीतल्या दुसऱ्याला मदत करायला, कप्तान हे वेळापत्रक थांबवू शकतो. वादळात जाळं तुटलं तर आपण झोपून राहत नाही, तसंच. पण धोका सरला की ज्याची झोप मोडली त्याला ती भरून द्यायची, हेही त्याच कलमात असतं. पहिलं वाक्य मराठीत आलं आणि दुसरं राहिलं, की कप्तानाला मोकळं रान.

विश्रांतीची नोंदही ठेवावी लागते. त्या नोंदीवर कप्तानाची किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याची सही असते, तारवट्याचीही असते, आणि एक प्रत त्याला मिळायची असते. महिनाअखेरीला कुणीतरी भरून आणलेला तक्ता पुढे करतं, रोजचे सारखेच तास, दिसायला नीटनेटका. त्या महिन्यात दोनदा मध्यरात्री बंदरात दोर बांधायला उठवलं होतं आणि तक्त्यात त्याचा पत्ता नाही, तर तक्ता खोटा. पोरांना आम्ही सांगतो, आपल्या वहीत रोजचे तास लिहा आणि सही करण्याआधी पडताळा.

आता तिसरी गोष्ट, रिपॅट्रिएशन. ह्या शब्दाचे मराठीत फार हाल होतात. सरकारी मराठीत "प्रत्यावर्तन", जे कुणालाच कळत नाही. एजंटाच्या पानावर होतं "मायदेशी पाठवणी". पाठवणी आपल्याकडे नवरीची करतात, डोळे पुसत, आणि पुन्हा विचारत नाहीत! आम्ही लिहिलं, "कंपनीच्या खर्चाने घरी परत पोहोचवणे". "पाठवणे" नव्हे, "पोहोचवणे". कारण प्रश्न कुठपर्यंत हाच असतो. ह्या करारात परतीचं ठिकाण मुंबई विमानतळ होतं. पोरगा पेडण्याचा. मग मुंबईहून पुढचा खर्च, रात्रीचा मुक्काम, सामान? एमएलसीच्या मार्गदर्शनात घराच्या देशाशिवाय नोकरीला जिथे होकार दिला ते किंवा दोघांनी मिळून ठरवलेलं ठिकाणही धरलंय, आणि जहाज सोडल्यापासून त्या ठिकाणी पोहोचेपर्यंतचं तिकीट, राहणं, जेवण आणि ३० किलो सामान कंपनीने करायचं म्हटलंय. म्हणून जागेचं नाव अनुवादात ठळक हवं, म्हणजे सहीआधीच "गोव्यापर्यंत करा" असं म्हणता येतं. ह्या पोराने म्हटलं आणि त्यांनी बदलूनही दिलं.

पुढची ओळ जास्त घातक होती. मराठी पान म्हणत होतं, "तारवट्याची चूक असल्यास परतीचा खर्च तो देईल." इंग्रजीत चूक नव्हती. इंग्रजीत होतं, कामाच्या जबाबदाऱ्यांत गंभीर कसूर केल्याचं, लागू कायद्यानुसार किंवा सामूहिक करारानुसार, आढळल्यास. "गंभीर" गेलं, "कायद्यानुसार आढळल्यास" गेलं, राहिली नुसती चूक. चूक कुणाकडून होत नाही? कप्तानाचं आणि आपलं पटलं नाही, हीसुद्धा त्याच्या लेखी चूकच. असं पान वाचून गेलेला पोरगा आजारी असला तरी घरी सोडा म्हणायला घाबरतो, कारण तिकिटाचे पैसे अंगावर येतील असं त्याच्या डोक्यात बसलेलं असतं. परतीच्या खर्चापोटी आधीच पैसे भरून घेणं तर एमएलसीत सरळ मनाई आहे, मग एजंट त्याला "डिपॉझिट" म्हणो की आणखी काही.

मुदतीच्या कलमातही असाच एक तुकडा सुटला होता. "९ महिने, अधिक-उणे १ महिना" एवढंच मराठीत होतं. इंग्रजीत पुढे शब्द होते: कंपनीच्या मर्जीनुसार. म्हणजे आठ की दहा, हे पोराने नव्हे, कंपनीने ठरवायचं. गणपतीला येतो म्हणून आईला शब्द देऊन गेलेल्या पोराला हे आधी माहीत असलेलं बरं. कितीही झालं तरी घरी परतण्याचा हक्क बारा महिन्यांच्या आत मिळालाच पाहिजे, त्यापुढे कुठलंच कलम नेऊ शकत नाही.

आणि कंपनीने हात वर केले तर? दोन महिने पगार नाही, किंवा अन्नपाणी-इंधनाविना जहाज सोडून दिलं, किंवा परतीचा खर्च करत नाहीत, तर त्याला तारवट्याला वाऱ्यावर सोडणं असं धरतात. जानेवारी २०१७ पासून त्यासाठी विमा किंवा तशी आर्थिक हमी ठेवणं भाग आहे. त्या हमीतून घरी परत आणण्याचा खर्च आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार मिळू शकतो. त्याचं प्रमाणपत्र जहाजावर सगळ्यांना दिसेल असं लावलेलं असतं, हमी देणाऱ्याचं नाव आणि संपर्क त्यावर असतो. चढल्याबरोबर त्याचा फोटो काढून घरी पाठवायचा, हे आम्ही अनुवादाच्या शेवटी टीप म्हणून घालतो.

अनुवाद करणाऱ्या आपल्या शिकलेल्या मुलामुलींसाठी दोन शब्द. इंग्रजी करारात शॅल आणि मे ह्यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. शॅलला नुसतं "देईल" लिहिलं तर ते गोड आश्वासनासारखं वाटतं. "देणे बंधनकारक" लिहा, मे असेल तिथे "देऊ शकेल". कलमाचा नंबर मूळचाच ठेवा, दोन कलमं जोडून एक करू नका. जहाजावर चढल्यावर दुसराच कागद सहीला पुढे आला, तर नंबर जुळवून पोराला पाच मिनिटांत कळतं काय बदललं. आणि इंग्रजी शब्द हाकलून देऊ नका. "विश्रांतीकाल" म्हणून फिलिपिनो चीफ ऑफिसरला काही कळणार नाही, "रेस्ट अवर्स" म्हटलं तर कळेल. मराठी अर्थ आणि शेजारी देवनागरीत तो शब्द, दोन्ही द्या. मराठी प्रतीवर सही मात्र घेऊ नका. बहुतेक करारांत वाद झाला तर इंग्रजीच धरायचं असं असतं, मराठी प्रत समजण्यासाठी आहे.

एक मर्यादा सांगायलाच हवी. हे सगळं व्यापारी जहाजांचं. मासेमारीच्या बोटी आणि धाऊसारखी पारंपरिक गलबतं एमएलसीत येत नाहीत. आखातात "बोटीवर काम" म्हणून बोलावणं आलं आणि करारात फिशिंग वेसल लिहिलं असेल, तर वरचे आकडे त्या पोराच्या कामाचे नाहीत. मासेमारी कामगारांसाठी २००७ चा वेगळा आंतरराष्ट्रीय करार आहे, जहाज तीन दिवसांपेक्षा जास्त समुद्रात राहणार असेल तर त्यातही २४ तासांत १० आणि आठवड्यात ७७ तासच विश्रांती आहे, पण भारताने तो स्वीकारलेला नाही. आपल्या ट्रॉलरवर परराज्यांतून येणारे खलाशी कुठल्या कागदावर काम करतात, हा प्रश्न इथे आपोआप उभा राहतो. त्यावर पुढच्या बैठकीत बोलू, नावडता असला तरी.

ज्यांच्या घरचा कुणी पुढच्या महिन्यात निघतोय, त्यांनी सही न केलेला करार, सगळी पानं, जोडपत्रांसकट, निदान आठ दिवस आधी कार्यालयात आणावा. एजंटाने फक्त शेवटचं पान दिलं असेल तर बाकीची मागून घ्या. पगाराची फोड बहुतेक वेळा जोडपत्रातच असते.